बोटांच्या बेचक्यातली रात्रीची खाज: खरजेचं औषध सगळ्या घराने एकाच रात्री का आणि कसं लावायचं

दिवसा फारसं काही जाणवत नाही. रात्री पांघरूण घेऊन अंग उबदार झालं की बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या आतल्या बाजूला, कमरेभोवती अशी खाज सुटते की झोप मोडते. काही आठवड्यांत घरातलं आणखी कोणीतरी खाजवायला लागतं. असं असेल तर खरजेचा संशय घ्या.

आमच्या घरात सुरुवातीला औषध मिळालं ते फक्त खाजवणाऱ्याला. त्याची खाज गेली, मग दुसऱ्याची सुरू झाली, आणि पुन्हा पहिल्याची. सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावलं तेव्हा हे चक्र थांबलं. असं का होतं हे नीट कळलं तर पुढच्या पायऱ्या कंटाळवाण्या वाटत नाहीत, म्हणून खाली 'कसं' सोबत 'का' हेही लिहिलं आहे. निदान आणि औषध डॉक्टरांकडूनच घ्यायचं आहे. पण घरात जे करायचं असतं ते दवाखान्याच्या पाच मिनिटांत सगळं सांगून होत नाही.

## १. खाज कधी आणि कुठे सुटते ते पाहा

स्वतःला दोन गोष्टी विचारा. खाज रात्री ठळकपणे वाढते का? आणि घरातल्या किंवा अंगाला अंग लावून झोपणाऱ्या आणखी कोणाला खाज आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर संशय पक्का होत जातो.

जागाही ठरलेल्या असतात: बोटांच्या बेचक्या आणि बोटांच्या कडा, मनगटाची आतली बाजू, कोपर, काख, बेंबीभोवती, कमरेचा पट्टा, नितंब, बायकांत स्तनाग्रांभोवती आणि पुरुषांत जननेंद्रियावर. मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर आणि डोक्यावर सहसा काही नसतं. तान्ह्या बाळांचं मात्र वेगळं. त्यांच्या तळहातांवर, तळपायांवर, डोक्यावर आणि मानेवरही पुरळ येतं, आणि खाज सांगता येत नसल्याने ती नुसती किरकिर करतात, दूध नीट पीत नाहीत, झोपत नाहीत.

लाल पुरळ जिथे दिसतं तिथेच किडा असतो असं नाही. पोटावर आणि मांड्यांवर उठणाऱ्या बऱ्याच पुटकुळ्या ही शरीराची ॲलर्जी असते, किडा दुसरीकडेच बसलेला असतो. औषध लावताना हा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो.

## २. बीळ शोधा

खरूज होते ती एका आठ पायांच्या सूक्ष्म किड्यामुळे. त्याची मादी जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर लांब असते, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसलाच तर एक ठिपका दिसेल. तिला उडता येत नाही, उडी मारता येत नाही, फक्त रांगता येतं. ती त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मृत पेशींच्या थरात शिरते आणि आडवं भुयार खणत पुढे जाते. जाता जाता रोज दोन-तीन अंडी घालते, मागे विष्ठा सोडते. असं तिचं महिना-दीड महिन्याचं आयुष्य चालतं. आपल्याला खाज सुटते ती तिच्या खणण्याने नव्हे, तर तिच्या, अंड्यांच्या आणि विष्ठेच्या विरोधात आपलं शरीर चिडून उठतं म्हणून.

हे बीळ घरी दिसू शकतं. भरपूर उजेडात बसा. बोटं फाकवा म्हणजे बेचक्यातली कातडी ताणली जाते. मोबाइलची बॅटरी समोरून न मारता बाजूने, तिरपी धरा आणि साधं भिंग वापरा. शोधायची आहे ती एक बारीक, किंचित उंचावलेली, वाकडीतिकडी रेघ. लांबी काही मिलिमीटर ते एक सेंटीमीटर. रंग राखाडी किंवा आजूबाजूच्या कातडीपेक्षा जरा फिका. पेन्सिलीची अस्पष्ट रेघ ओढून पुसल्यासारखी ती दिसते. तिच्या एका टोकाला कधी बारीकसा फोड, कधी काळपट ठिपका असतो. मादी बसलेली असते ती त्या टोकाला. बेचक्यात सापडलं नाही तर मनगटाच्या घडीवर पाहा. तिथे खाजवून कातडी फाटण्याचं प्रमाण जरा कमी असतं, त्यामुळे बीळ शाबूत सापडण्याची शक्यता असते.

संशयित रेघ आहे, पण खात्री नाही, अशा वेळी शाईची युक्ती उपयोगी पडते. त्या जागेवर शाईच्या पेनाने किंवा स्केचपेनने रंग लावा, मिनिटभर थांबा आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढा. वरची शाई निघून जाते. बीळ असेल तर त्यात शिरलेली शाई राहते आणि नागमोडी रेघ उठून दिसते. कातडी फुटलेली, ओली किंवा पिकलेली असेल तिथे हे करू नका, आणि लहान मुलांवर तर मुळीच प्रयोग नको.

बीळ सापडलं नाही म्हणून खरूज नाही असं धरू नका. निरोगी माणसाला होणाऱ्या नेहमीच्या खरजेत अख्ख्या अंगावर मिळून १० ते १५ माद्या असतात. तेवढ्या भुयारांपैकी बरीचशी खाजवण्यात उद्ध्वस्त झालेली असतात. त्यामुळे डॉक्टरांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि काही मिळालं नाही, तरी लक्षणं आणि जागा जुळत असतील तर ते उपचार सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे. त्वचारोगतज्ज्ञांकडे डर्मोस्कोप नावाचं प्रकाशाचं भिंग असतं. त्यातून रेघेच्या टोकाला किड्याचा पुढचा भाग छोट्या काळ्या त्रिकोणासारखा दिसतो.

सुईच्या टोकाने किडा काढायच्या भानगडीत पडू नका. १६८७ साली इटलीत जोव्हान्नी कोसिमो बोनोमो यांनी खरजेमागे हा किडा आहे असं लिहून ठेवलं, तेव्हा गरीब बायका आपल्या मुलांच्या अंगातून सुईने किडे काढतात ही गोष्ट त्यांच्या कामी आली होती. शोधासाठी ते ठीक होतं. उपचार म्हणून एक किडा काढल्याने बाकीचे आणि त्यांची अंडी तशीच राहतात, आणि कातडीत पू होण्याचा धोका वाढतो.

## ३. खाज नसलेला माणूसही का धरायचा

हा मुद्दा समजला नाही तर पुढचं सगळं वाया जातं.

आयुष्यात पहिल्यांदा खरूज होते तेव्हा किडा अंगावर आल्यापासून खाज सुरू व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. शरीराला त्याची ओळख पटायला तेवढा वेळ जातो. या काळात त्वचा स्वच्छ दिसते, माणूस शांत झोपतो, आणि तरीही त्याच्याकडून किडे दुसऱ्याकडे जात असतात. ज्याला आधी कधी खरूज होऊन गेली आहे त्याचं शरीर मात्र तयार असतं. त्याला पुन्हा किडा लागला तर एक ते चार दिवसांतच खाज सुटते.

आता एक घर धरू. आजी, आई, बाबा, दहा वर्षांचा थोरला आणि तीन वर्षांची धाकटी. कोणालाही आधी खरूज झालेली नाही. सुट्टीत थोरला मावसभावाच्या शेजारी काही रात्री झोपतो आणि तिथून किडा घेऊन येतो. हा आठवडा शून्य मानू.

तिसऱ्या आठवड्यात थोरला आणि धाकटी एकाच अंथरुणात झोपतात. त्याला अजून खाज नाही, पण किडा धाकटीकडे जातो. पाचव्या आठवड्यात थोरल्याला खाज सुरू होते. सहाव्या आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे नेतात. खरूज ओळखली जाते, क्रीम मिळतं, आई ते नीट लावते, सात दिवसांनी पुन्हा लावते. थोरल्याच्या अंगावरचे किडे मरतात. बाकी कोणाला खाज नाही, म्हणून बाकी कोणी काही लावत नाही.

त्याच सहाव्या आठवड्यात आईच्या कुशीत झोपणाऱ्या धाकटीकडून किडा आईकडे गेलेला आहे. आठव्या आठवड्यात धाकटीला खाज सुटते. ती भावाशी खेळते, त्याच्याजवळ लोळते, आणि थोरल्याला पुन्हा किडा लागतो. त्याचं शरीर आता तयार आहे, त्यामुळे त्याची खाज दोन-तीन दिवसांत परत येते. घरात सगळे म्हणतात, "औषध लागू पडलं नाही." नवव्या आठवड्यात दोन्ही मुलांना दुसरं औषध मिळतं. आईला अजून खाज नाही. ती सुरू होणार अकराव्या आठवड्यात, आणि तोवर धाकटी रात्री तिच्याच कुशीत असते. आजींना बाराव्या आठवड्यात खाज येते आणि ती वयामुळे कोरड्या पडलेल्या कातडीच्या खात्यात जमा होते.

या घरात औषध प्रत्येक वेळी लागू पडलं. चुकली ती वेळ. जो बरा झाला त्याच्याशेजारी झोपणारं कोणीतरी दर वेळी खाजेविना किडे बाळगून होतं. सहाव्या आठवड्यात पाचही जणांनी एकाच रात्री तेच क्रीम लावलं असतं आणि सात दिवसांनी पुन्हा लावलं असतं, तर सातव्या आठवड्याच्या अखेरीस प्रकरण मिटलं असतं.

## ४. नावांची यादी करा

कागद घ्या आणि नावं लिहा. पहिल्यांदा एका छपराखाली राहणारे सगळे, खाज असो वा नसो. मग गेल्या महिना-दीड महिन्यात ज्यांच्या शेजारी घरातलं कोणी झोपलं ते: पाहुणे, भावंडं, खोलीतले सोबती. जोडीदार किंवा ज्यांच्याशी शारीरिक संबंध आले ते. आणि बाळाला सांभाळणारी, आंघोळ घालणारी, आजारी माणसाला उठवणारी-बसवणारी व्यक्ती.

किडा रांगतच जातो, म्हणून त्याला कातडीला कातडी बराच वेळ टेकलेली लागते. साधारण दहा-पंधरा मिनिटं धरा. हात मिळवणं, गर्दीत खांदा लागणं, शेजारी बसणं एवढ्याने सहसा पसरत नाही. त्यामुळे अख्ख्या ऑफिसची यादी करायची गरज नाही. पाळलेल्या कुत्र्या-मांजरांवर उपचार करायचीही गरज नाही. त्यांचा किडा वेगळ्या जातीचा असतो, तो माणसाच्या कातडीत वंश वाढवू शकत नाही.

यादीतल्या लोकांना कळवताना संकोच होतो, हे मला माहीत आहे. पण खरूज घाणेरडेपणामुळे होत नाही. रोज दोनदा साबणाने आंघोळ करणाऱ्यालाही होते, कारण किडा कातडीच्या आत असतो आणि पाण्याने वाहून जात नाही. ज्यांनी सांगायचं टाळलं, त्यांच्याकडे ती परत आली.

## ५. डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं

- वरची यादी, प्रत्येकाच्या वयासह
- प्रत्येकाचं वजन, विशेषतः मुलांचं
- कोणी गरोदर आहे का, अंगावर पाजतं आहे का, बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान आहे का
- आधी लावलेल्या सगळ्या मलमांच्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी
- कोणाला कशाची ॲलर्जी असेल, दुसरी औषधं चालू असतील तर त्यांची नावं

वजन लागतं ते गोळ्यांसाठी. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या किलोमागे २०० मायक्रोग्रॅम या हिशेबाने देतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला एका वेळी १२ मिलिग्रॅम. १५ किलोंखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना त्या सहसा देत नाहीत. म्हणून एकाच घरात एकाला गोळ्या आणि दुसऱ्याला क्रीम, असं होऊ शकतं. त्यात गैर काही नाही, रात्र तेवढी एकच हवी.

बहुतेकांना ५ टक्के परमेथ्रिनचं क्रीम मिळतं. दोन महिन्यांपुढच्या बाळांना ते चालतं. गरोदरपणातही डॉक्टर ते देतात. दोन महिन्यांहून लहान बाळांसाठी बऱ्याचदा गंधकाचं मलम सलग काही रात्री लावायला सांगतात. घरातल्या कोणासाठी कोणतं, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

ट्यूब नेण्याचं कारण म्हणजे इथला सगळ्यात मोठा सापळा, स्टिरॉइडयुक्त मलमं. खाज आली की दुकानातून मिळणारी 'सगळ्यावर चालणारी' मलमं बऱ्याचदा स्टिरॉइडची असतात. ती लावली की दोन-चार दिवस खाज आणि लाली कमी होते, पण किडा मरत नाही. उलट शरीराचा विरोध दबल्यामुळे किडे वाढत राहतात, आणि पुरळाचं रूप इतकं बदलतं की डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. असं काही लावलं असेल तर ते लपवू नका.

## ६. औषधाची रात्र

सगळे घरी असतील अशी रात्र निवडा. एखादा गावाला गेलेला असेल तर त्याला त्याच्याकडे त्याच रात्री लावायला सांगा, किंवा तो येईपर्यंत एक-दोन दिवस थांबून सगळे एकत्र लावा. तो आल्यावर त्याचं त्याचं बघू, असं ठरवलं की वरच्या घरासारखं होतं.

क्रीम पुरेसं हवं. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं. पाच जणांच्या घरात एक ट्यूब आणून सगळ्यांनी थोडं थोडं लावणं म्हणजे कोणीच नीट न लावणं. दुसऱ्या वेळेचंही आधीच आणून ठेवा.

नखं कापा. आंघोळ करायची तर कोमट पाण्याने करा आणि अंग पूर्ण कोरडं, गार होऊ द्या. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर लगेच लावू नका, कारण तेव्हा औषध कातडीत थांबण्याऐवजी जास्त आत शोषलं जातं.

मग मानेपासून तळपायापर्यंत लावा. खाज आहे तिथेच लावणं ही सर्रास होणारी चूक आहे. पुरळ एकीकडे आणि किडा दुसरीकडे असतो हे वर आलंच आहे. न खाजणारी पाठही झाकली गेली पाहिजे, आणि ती दुसऱ्याकडून लावून घ्यावी लागते. लावताना ही ठिकाणं हमखास सुटतात: बोटांच्या बेचक्या आणि पायाच्या बोटांमधल्या खाचा, मनगट, काख, बेंबी, स्तनांखालची घडी, नितंबांमधली फट, जननेंद्रिय, टाचा आणि तळवे. नखांखाली लावायला जुना मऊ टूथब्रश घ्या आणि नंतर तो फेकून द्या. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा किंवा सरकवून त्यांच्याखाली लावा.

बाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना डोकं, कपाळ, कान, कानामागेही लावायला सांगतात. डोळे, नाक आणि तोंड यांच्याजवळ लावू नका. बाळ हात चोखत असेल तर हातात मोजे घाला. अंगावर पाजणाऱ्या आईने पाजण्याआधी स्तन धुवावे आणि नंतर तिथे पुन्हा क्रीम लावावं.

क्रीम ८ ते १४ तास अंगावर राहिलं पाहिजे, म्हणून रात्री लावून सकाळी धुणं सोयीचं. मधे हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. हात धुणं अटळ असतं आणि बेचक्या ही किड्याची आवडती जागा, त्यामुळे सगळ्यात जास्त उपचार इथेच फसतात. लहान मुलांचा लंगोट बदललात, तर तिथेही पुन्हा लावा.

लावल्यावर थोडं चुणचुणतं. ते चालतं. कातडी फुटून पू झाला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, जंतुसंसर्गावर वेगळं औषध लागतं.

## ७. सकाळी कपडे आणि अंथरूण

आंघोळ करून सगळ्यांनी धुतलेले कपडे घालायचे. गेल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे गरम पाण्यात, शक्यतो ६० अंशांवर, धुवा आणि नीट वाळवा. जे धुता येत नाही, जाड रजई किंवा मुलांची मऊ खेळणी, ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाच्या कातडीपासून दूर किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही.

इथे एवढंच पुरे. घरभर कीटकनाशक फवारू नका, गाद्या जाळू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात केनेथ मेलनबी यांनी स्वयंसेवकांवर बरेच प्रयोग केले. खरूज झालेल्यांचे न धुतलेले कपडे आणि पांघरुणं वापरूनही फारच थोड्यांना खरूज लागली. रुग्णाशेजारी एका अंथरुणात झोपलेल्यांना मात्र ती लागली. म्हणजे मेहनत मुख्यतः माणसांवर घ्यायची. चादरी उकळण्यात दिवस घालवला आणि आजींना क्रीम लावायचं राहिलं, तर उपयोग नाही.

किड्यांची संख्या प्रचंड असते त्या प्रकारात हे बदलतं. प्रतिकारशक्ती कमी झालेल्या किंवा फार अशक्त, वृद्ध माणसांच्या हातापायांवर जाड, खपलीदार थर चढतात. कधी कधी त्यांना खाजही फारशी नसते. त्यांच्या अंगावर हजारो, लाखो किडे असू शकतात आणि गळालेल्या खपल्यांतूनही ते पसरतात. असं दिसलं तर घरगुती पातळीवर काही करू नका, लगेच त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या.

## ८. सात दिवसांनी पुन्हा

दुसरी वेळ ही ऐच्छिक नसते. पहिल्या रात्री हिंडते-फिरते किडे मरतात, पण काही अंडी वाचू शकतात. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, आणि त्यातून निघालेल्या पिल्लांना मोठं होऊन स्वतः अंडी घालायला आणखी दहा-चौदा दिवस लागतात. सातव्या दिवशी सगळी अंडी फुटलेली असतात आणि नवीन अंडी घालणारं कोणी तयार झालेलं नसतं. म्हणून नेमका तो दिवस. डॉक्टरांनी गोळ्यांसाठी वेगळं अंतर सांगितलं असेल तर ते पाळा. गोळी अंड्यांवर काम करत नाही, त्यामुळे तिचा दुसरा डोस चुकवणं तर आणखी महागात पडतं.

खाज थांबली म्हणून दुसरी वेळ टाळू नका, आणि खाज थांबली नाही म्हणून रोज रात्री लावत सुटू नका.

## ९. नंतरची खाज कशी वाचायची

नीट उपचार झाल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. किडे मेलेले असतात, पण त्यांचे अवशेष कातडीत असतात, आणि कातडीचा वरचा थर गळून नवा येईपर्यंत शरीर चिडत राहतं. या काळात पुन्हा पुन्हा क्रीम चोपडलं तर त्या क्रीमनेच कातडी कोरडी पडून खाजायला लागते. साधं मॉइश्चरायझर लावा. झोप होत नसेल तर डॉक्टर रात्रीपुरती खाजेची गोळी देतात.

खाज कोणत्या दिशेने जाते ते पाहा. आठवड्यागणिक ती कमी होत असेल, नवं काही उठत नसेल, तर थांबा. पण कमी होऊन पुन्हा वाढली, बेचक्यात किंवा मनगटावर नवी रेघ दिसली, किंवा चार आठवडे उलटूनही तेवढीच राहिली, तर किडा पुन्हा आला आहे किंवा पहिल्यांदाच पूर्ण गेला नव्हता असं समजून डॉक्टरांकडे जा. जाताना यादी पुन्हा काढा आणि प्रत्येक नावापुढे लिहा: कोणत्या तारखेला लावलं, पूर्ण अंगाला लावलं का, किती तास ठेवलं, दुसरी वेळ झाली का. बहुतेकदा एखाद्या नावापुढची जागा रिकामी सापडते.

आणि या गोष्टींसाठी चार आठवडे थांबू नका: पिवळ्या खपल्या किंवा पू, कातडी गरम होऊन सुजणं, ताप. खाजवलेल्या जखमांतून शिरणाऱ्या जंतूंमुळे काही वेळा मूत्रपिंडांनाही सूज येते. मुलाच्या चेहऱ्यावर सूज दिसली किंवा लघवी लालसर, चहाच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी दाखवा.

मुलाला शाळेत किंवा पाळणाघरात पाठवण्याबद्दल सहसा असं सांगतात की पहिली औषधाची रात्र पूर्ण झाली की दुसऱ्या दिवशी पाठवायला हरकत नाही. तिथल्या बाईंना मात्र सांगून ठेवा, म्हणजे त्या मुलाच्या शेजारी दुपारी झोपणाऱ्या मुलांच्या घरीही वेळेत कळेल.